मुलाच्या काळजीसाठी शाळेतल्या समुपदेशकांची वेळ कशी मागावी : नाशिकमधल्या नव्या पालकांसाठी

सकाळी सात वाजता व्हॅन खाली येऊन उभी असते, डबा भरलेला असतो, आणि मूल बाथरूमच्या दारात पोट धरून बसतं. ‘आज नको ना.’ पहिल्यांदा आपण समजूत काढतो, दुसऱ्यांदा ओरडतो, आणि चार-पाच वेळा झालं की मनात येतं, शाळेत कुणाशी तरी बोलायला हवं. त्या ‘कुणाशी तरी’चं उत्तर बऱ्याचदा शाळेतले समुपदेशक असतात. मी शाळांमध्ये हेच काम करते, त्यामुळे पालकांकडून येणारे निरोप रोज वाचते. त्यातले अनेक निरोप रात्री उशिरा, अगदी काळजावर ओझं असताना लिहिलेले असतात. त्यांत घरातलं सगळं असतं, पण मुलाबद्दल मला लागणारी माहिती मात्र दोन ओळींचीच असते.

हा लेख त्या पहिल्या निरोपाबद्दल आहे. तो लिहिण्याआधी काय बघायचं, कुणाकडे पाठवायचा, त्यात किती लिहायचं, आणि घरचं जे लिहायचं नाही ते केव्हा आणि किती सांगायचं.

आधी तुमच्या शाळेत काय सोय आहे ते विचारा

सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक नेमण्याची अट आहे, म्हणून त्या बोर्डाच्या माध्यमिक शाळेत हे पद बहुधा सापडतं. राज्य मंडळाच्या शाळांचं चित्र वेगवेगळं असतं. कुठे पूर्णवेळ समुपदेशक असतात, कुठे एकाच संस्थेच्या दोन-तीन शाळांना मिळून एकच मॅडम असतात आणि त्या ठरलेल्या वारी येतात, तर कुठे एखाद्या शिक्षिकेकडेच हे काम जादा म्हणून दिलेलं असतं. काही ठिकाणी ‘काउन्सेलर आहेत’ असं सांगतात, पण ते फक्त दहावीनंतरच्या करिअर मार्गदर्शनासाठी येतात.

म्हणून ऑफिसात किंवा वर्गशिक्षिकेला एवढंच विचारा : ‘मुलांशी बोलणारे समुपदेशक शाळेत कुठल्या वारी असतात, आणि त्यांची वेळ कुणाकडून घ्यायची?’ तुम्हाला ते का हवेत हे या टप्प्यावर कुणालाही सांगायची गरज नाही. काउंटरवर क्लार्कने सहज ‘काय झालं?’ म्हणून विचारलं, तर ‘मुलीच्या अभ्यासासंदर्भात बोलायचंय’ हे उत्तर पुरतं. मागे रांगेत तुमच्या सोसायटीतलेच कुणी उभे असण्याची शक्यता नाशिकमध्ये कायम असते. अंबड-सातपूरला नोकरी, पाथर्डी फाट्याला किंवा इंदिरानगरला घर, आणि त्याच भागातली शाळा, असं असलं की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्या कंपनीतले दोघं-तिघं, शेजारच्या फ्लॅटच्या वहिनी आणि व्हॅनवाल्या काकांची सून असे सगळे असतात. नव्याने आलेल्या कुटुंबाला हे कळायला थोडा वेळ लागतो.

मग एक-दोन आठवडे नुसतं टिपून ठेवा

निरोप लिहायच्या आधी एका वहीत किंवा मोबाइलमध्ये रोज एक ओळ लिहा : वार, वेळ, काय झालं, किती वेळ टिकलं, आणि मूल शेवटी शाळेत गेलं की नाही. कारण शोधू नका. ‘हट्ट’, ‘नाटक’, ‘घाबरट’ असे शब्द त्यात येऊ देऊ नका, जे दिसलं तेवढंच टिपा. त्याच दिवसांत बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. काळजीमुळे मुलांचं पोट खरोखरच दुखतं, त्यात ढोंग नसतं. पण बद्धकोष्ठता, जंत, लघवीचा संसर्ग यांनीही दुखतं, आणि ते आधी तपासलेलं बरं. वजन कमी होत असेल, ताप येत असेल, किंवा झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, तर तो मामला आधी डॉक्टरांचा आहे.

टिपून झालं की ती नोंद वर्गाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि फार थोडे पालक करतात. एक उदाहरण घेऊ, ते मी या लेखासाठी रचलं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा ओळखीचा आहे.

समजा, एक कुटुंब जूनमध्ये जळगावहून नाशिकला आलं. मुलगी सहावीत. तिकडे मराठी माध्यम होतं, इथे सेमी इंग्रजी. जुलैच्या मध्यापासून सकाळी पोटदुखी आणि रडणं सुरू झालं. आईला वाटत होतं की हे रोजच होतंय. टिपल्यावर दिसलं, की तीन आठवड्यांत सात वेळा झालं, त्यातले सहा वेळा मंगळवारी आणि शुक्रवारी. रविवारी एकदाही नाही. वेळापत्रक पाहिलं तर त्या दोन्ही दिवशी इंग्रजीचा दुहेरी तास होता, आणि त्या तासाला बाई एकेकाला उभं करून धडा मोठ्याने वाचायला लावतात.

ही जुळणी म्हणजे कारण सापडलं असं समजू नका. त्याच दिवशी पीटीही असू शकते, किंवा व्हॅनमध्ये शेजारी बसणारं मूल बदलत असू शकतं. पण समुपदेशकाला बोलायला कुठून सुरुवात करायची हे यातून कळतं, आणि मूल ‘काही नाही’ म्हणून गप्प बसलं तरी पहिली भेट वाया जात नाही.

निरोप कोणकोणाच्या हातून जातो

किती लिहायचं हे ठरवण्याआधी, लिहिलेलं कोण वाचतं ते बघू. यावरूनच पुढचं सगळं ठरतं.

शाळेच्या डायरीत लिहिलंत, तर ती डायरी मुलाच्याच दप्तरात असते. मूल ती वाचतं, बाकावरची मैत्रीण वाचते, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं. म्हणून डायरीत फक्त ‘आपल्याला भेटायचे आहे, कृपया वेळ कळवावी’ एवढंच.

ऑफिसात लेखी अर्ज दिलात, तर क्लार्क तो आवक नोंदवहीत चढवतात आणि अर्जाचा विषय तिथे लिहितात. ती वही टेबलावर उघडी असते. अर्ज मग मुख्याध्यापकांकडे, तिथून पर्यवेक्षकांकडे, तिथून वर्गशिक्षिकेकडे जातो. तेव्हा विषयात ‘मुलीच्या मानसिक समस्येबाबत’ असं लिहू नका. ‘विषय : पाल्यासंदर्भात भेटीची वेळ मिळणेबाबत’ एवढा पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, म्हणजे पुढे ‘अर्ज मिळालाच नाही’ हा विषय राहत नाही.

शाळेच्या अॅपवर लिहिलंत, तर ते अॅडमिनचं काम बघणाऱ्यांनाही दिसू शकतं आणि वर्षभर तिथेच राहतं. व्हॉट्सअॅपवर शिक्षिकेला वैयक्तिक पाठवलंत, तर तो एका बोटाने पुढे जातो, अनेकदा चांगल्या हेतूनेच. ‘मॅडम, हे बघा काय म्हणतायत त्या’ असं म्हणून वर्गशिक्षिका तो मला पाठवतात, आणि चुकून शिक्षकांच्या ग्रुपवर पडायलाही वेळ लागत नाही. वर्गाच्या पालक-ग्रुपवर तर या विषयातलं एक अक्षरही नको, ‘काउन्सेलर मॅडमचा नंबर आहे का कुणाकडे?’ हेसुद्धा नको.

सगळ्यांत बरा मार्ग म्हणजे समुपदेशकांचा शाळेचा ई-मेल किंवा त्यांचा शाळेने दिलेला नंबर. तो मिळत नसेल, तर वर्गशिक्षिकेमार्फत जा. पण तेव्हा असं धरून चाला, की तुम्ही लिहिलेला निरोप किमान चार माणसं वाचणार आहेत. त्या चौघांसमोर मोठ्याने वाचता येईल एवढंच लिहायचं.

लांब निरोप आणि थोडका निरोप

आता त्याच उदाहरणातल्या आईने रात्री साडेअकराला लिहिलेला पहिला मसुदा बघा :

‘मॅडम, आम्ही जूनमध्ये जळगावहून आलो. तिच्या बाबांची तिकडची नोकरी गेली, कर्ज झालं, म्हणून घरात सारखे वाद होतात. सासरे आजारी असतात, आणि जमिनीवरून नणंदेशी कोर्टात चाललंय. मुलगी सगळं ऐकते. ती आधीपासूनच हळवी आहे, तिच्या आत्यासारखी. आता रोज सकाळी रडते, पोट दुखतं म्हणते. वर्गातली ती अमुक मुलगी तिला त्रास देते असं मला वाटतं. प्लीज काहीतरी करा, मला काही सुचत नाहीये.’

या बाईंबद्दल मला मायाच वाटते. तिने काहीही खोटं लिहिलेलं नाही. पण समुपदेशक म्हणून मी हे वाचते तेव्हा माझ्या कामाचं यात एकच वाक्य सापडतं, सकाळी रडते आणि पोट दुखतं. त्यातही ‘रोज’ हा शब्द नोंदीशी जुळत नाही. नवऱ्याची नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, नणंदेचा दावा ही तीन वेगळ्या माणसांची खासगी गोष्ट आहे, आणि त्यांना विचारल्याशिवाय ती शाळेच्या फोनवर गेली. ‘हळवी’ हा शिक्का एकदा वर्गशिक्षिकेच्या मनात बसला, की पुढचं वर्षभर त्याच नजरेने मुलीकडे बघितलं जातं. आणि सगळ्यांत जोखमीचं वाक्य दुसऱ्या मुलीचं नाव असलेलं. खात्री नसताना लेखी नाव गेलं की त्या मुलीच्या पालकांना बोलावलं जातं, आणि काळजीचा विषय बाजूला राहून दोन घरांचं भांडण सुरू होतं. त्रास होतोय असा संशय असेल तर तो जरूर सांगा, पण भेटीत, आणि मुलीने नेमकं काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत.

हाच निरोप असा लिहिता येतो :

‘नमस्कार मॅडम. माझी मुलगी (नाव), ६ वी ब, यंदा जूनपासून शाळेत नवीन आहे. गेले तीन आठवडे बहुतेक मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेला निघताना तिचं पोट दुखतं, रडू येतं. रविवारी होत नाही. डॉक्टरांना दाखवलं, शारीरिक कारण आढळलं नाही. तिने आपल्याशी बोलावं असं वाटतं. त्याआधी मला २० मिनिटं भेटता येईल का? बुधवार किंवा गुरुवार, दुपारी तीननंतर जमेल. बाकीचं भेटीत बोलू. फोन शक्यतो मलाच करावा, ही विनंती. (नाव, नंबर)’

यात मुलीची ओळख आहे, काय होतं आणि केव्हा होतं हे आहे, डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं आहे, काय हवंय ते आहे आणि तुम्हाला कधी जमतं ते आहे. मला वेळ द्यायला आणि त्या आठवड्यात मुलीकडे जरा लक्ष ठेवायला एवढं भरपूर झालं.

दोन बारकावे सांगते. ‘घरची काही कारणं आहेत, ती भेटल्यावर सांगेन’ असं पालक लिहितात. ‘घरची’ हा एक शब्द चार वाचणाऱ्यांच्या मनात चार गोष्टी तयार करतो, म्हणून ‘बाकीचं भेटीत बोलू’ हे जास्त चांगलं. आणि ‘फोन मलाच करावा’ ही ओळ गाळू नका. नाहीतर ऑफिस प्रवेश अर्जावरच्या पहिल्या नंबरवर फोन करतं, तो वडिलांचा असतो, ते पहिल्या शिफ्टला मशीनवर उभे असतात, किंवा फोन आजोबांनी उचललेला असतो.

काही गोष्टी मात्र थोडक्याच्या नादात गाळायच्या नाहीत. मुलाला चालू असलेली औषधं, फिट किंवा दम्याचा त्रास, ऐकण्या-दिसण्यातली अडचण, आधी कुठे समुपदेशन झालं असल्यास ते, या गोष्टी समुपदेशकांना कळायलाच हव्यात. आई-वडील वेगळे राहत असतील आणि मुलाला शाळेतून कुणी न्यायचं याबद्दल कोर्टाचा आदेश असेल, तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे वेगळी, हातोहात द्या. भेटीच्या निरोपात ते नको.

जिथे थोडक्यात लिहायचं नाही आणि वाटही बघायची नाही

मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, जेवण जवळजवळ बंद असेल, किंवा कुणी अंगाला नको तसा हात लावल्याचं सांगत असेल, तर भेटीची वेळ मागू नका. त्याच दिवशी थेट शाळेत जा, किंवा शाळा बंद असेल तर डॉक्टरांकडे. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, तातडीच्या वेळी कधीही जाता येतं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन मूल स्वतःही लावू शकतं. हे दोन आकडे घरात फोनजवळ लिहून ठेवलेले असावेत.

मुलाला आधी सांगा

पालक वेळ ठरवतात आणि मुलाला त्या दिवशी वर्गातून बोलावणं आल्यावरच कळतं, हे माझ्या कामातलं सगळ्यांत नको असलेलं दृश्य आहे. मावशी दारात येऊन सगळ्या वर्गासमोर म्हणतात, ‘हिला काउन्सेलर मॅडमनी बोलावलंय.’ चाळीस मुलं वळून बघतात. ती मुलगी माझ्यासमोर येऊन बसते तेव्हा तिच्या मनात एकच प्रश्न असतो, मी काय केलं? आणि पहिली भेट त्यातच संपते.

आदल्या दिवशी घरी, शांतपणे सांगा : ‘मंगळवारी-शुक्रवारी तुला निघताना त्रास होतो ना, त्याबद्दल शाळेतल्या मॅडमशी बोलता येतं. ही शिक्षा नाही, आणि मार्कांशी त्याचा संबंध नाही. मी त्यांना तुझ्या पोटदुखीबद्दल सांगितलंय. आणखी काही सांगू का, की नको?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दहा-अकरा वर्षांचं मूल बऱ्याचदा स्पष्ट सांगतं, ‘रडते ते नको सांगू.’ तुम्ही ते आधीच लिहिलं असेल तर तसं खरं सांगा, लपवू नका.

समुपदेशकांना विनंती करा, की मुलीला वर्गातून बोलवायचं असेल तर चिठ्ठीने किंवा वर्गशिक्षिकेमार्फत बोलवा, आणि पीटी किंवा चित्रकलेचा तास घेऊ नका. तिच्या आवडीचा तास गेला, की भेट ही तिला शिक्षाच वाटते. जो तास तिला भीतीचा वाटतो तोही नको, कारण मग पोटदुखीला त्या तासातून सुटायची वाट मिळते.

भेटीत घरचं किती सांगायचं

भेटीला शक्यतो पालकांपैकी एकानेच या, किंवा दोघं आलात तर काय बोलायचं ते आधी ठरवून या. भेटीच्या खोलीत एकमेकांना दुरुस्त करण्यात वीस मिनिटं निघून जातात.

घरातली कुठली गोष्ट सांगावी याची माझी कसोटी साधी आहे. ती कळल्यावर समुपदेशक मुलीशी उद्या काही वेगळं वागतील का? वेगळं वागतील, तर सांगा. नाहीतर राहू द्या. आपल्या उदाहरणात आजोबा आजारी आहेत, आणि मुलगी जन्मापासून त्यांच्याजवळ झोपायची. ती आता नाशिकला आणि ते जळगावला. हे सांगायलाच हवं. त्यांना कोणता आजार आहे, दवाखान्याचा खर्च कोण करतं, हे नको. घरात पैशांची ओढाताण आहे आणि मोठ्यांचे वाद तिच्या कानावर पडतात, हेही सांगायला हवं, पण एवढ्याच वाक्यात. कर्जाचा आकडा, नोकरी का गेली, चूक कुणाची, हे नको. आणि नणंदेचा दावा? मुलीला त्यातलं काही माहीत नसेल, तर तो विषय या खोलीत येण्याचं कारणच नाही.

समुपदेशकांनी एखादा प्रश्न विचारला आणि तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल, तर ‘त्याबद्दल आत्ता बोलायचं नाही, गरज वाटली तर पुढे सांगेन’ असं म्हणा. कुठल्याही चांगल्या समुपदेशकाला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हीही तीन गोष्टी विचारून घ्या. नोंदी कुठे ठेवता आणि त्या कोण वाचू शकतं? वर्गशिक्षिकेला काय सांगणार? आणि मुलीने सांगितलेलं मला किती सांगणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून काही पालक नाराज होतात, कारण मूल काय बोललं ते सगळं आम्ही सांगत नाही. तसं सांगितलं तर ते दुसऱ्यांदा बोलणारच नाही. सूर सांगतो, काय करायचं ते सांगतो. मात्र गुप्ततेला मर्यादा आहे. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावंच लागतं. आणि लैंगिक अत्याचाराची बाब समोर आली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. तिथे शाळेला किंवा समुपदेशकाला ‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणता येत नाही, आणि पालकांनाही नाही.

शाळेतले समुपदेशक औषधं देत नाहीत. वाचन-लेखनातल्या अक्षमतेचं प्रमाणपत्रही त्यांच्या सहीने मिळत नाही, त्यासाठी सरकारी रुग्णालयाची वाट धरावी लागते. आमच्या हातात असतं ते मुलाशी बोलणं, शिक्षकांशी बोलणं, वर्गात छोटे बदल करून घेणं, आणि पुढे कुणाकडे जायचं ते सांगणं.

त्या मुलीचं पुढे काय होतं

दोन भेटींनंतर मुलगी सांगते, की उच्चार चुकला की मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतो. कुणा एकीचं नाव ती घेत नाही. इंग्रजीच्या बाईंना याची कल्पनाच नसते. त्यांना सांगायला मला आजोबा, कर्ज, जळगाव यातलं काहीही लागत नाही. ‘ही मुलगी मराठी माध्यमातून आली आहे, मोठ्याने वाचायला अजून घाबरते’ एवढं पुरतं. मग ठरतं असं : पहिले दोन आठवडे तिला कुठला परिच्छेद येणार ते आदल्या दिवशी सांगायचं, आणि तिने तो शेजारणीबरोबर जोडीने वाचायचा. पुढचे दोन आठवडे एकटीने, पण तीनच ओळी. नंतर इतरांसारखं.

घरी आईने करायचं काम कठीण आहे. मंगळवारी पोट दुखलं तरी मुलीला घरी ठेवायचं नाही. घरी राहिलं की त्या दिवसापुरतं दुखणं लगेच थांबतं, आणि म्हणूनच पुढच्या मंगळवारी ते जास्त जोरात येतं. गरम पाणी, दोन मिनिटं शेजारी बसणं, आणि ‘दुखतंय ते खरंय, तरी आपण निघू’ एवढंच. फार वाईट दिवस असेल तर उशिरा सोडा, पण सोडा.

फरक पडतोय का ते त्याच वहीत दिसतं. आठवड्यातून दोनदा होणारं महिन्याभरात एकदावर आलं, किंवा अर्धा तास टिकणारं दहा मिनिटांत संपू लागलं, तर दिशा बरोबर आहे. घटक चाचणीच्या आठवड्यात पुन्हा डोकं वर काढेल, त्याने घाबरू नका. सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा शाळा बुडणं वाढलं, तर समुपदेशकांकडून चिठ्ठी घेऊन बालमानसतज्ज्ञांकडे किंवा सिव्हिलच्या मनोविकार विभागात जा. तिथे सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, आणि तुमची ती वही बरोबर न्या.

उत्तर आलं नाही तर

समुपदेशक आठवड्यातून एकदाच येत असतील, तर पहिला निरोप त्यांनी पाहायलाच पाच-सहा दिवस लागतात. आठवड्याने त्याच निरोपावर एक ओळ लिहा, ‘मॅडम, वरील भेटीसाठी वेळ कळवाल का?’ घाई व्हावी म्हणून नवे तपशील घालू नका. उत्तर नाही म्हणून दुसऱ्या निरोपात घरचं सगळं ओतलं जातं, असं मी वारंवार पाहते. तेवढ्याने वेळ लवकर मिळत नाही. दुसऱ्या आठवड्यानंतर पर्यवेक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा, पहिल्या अर्जाची पोच दाखवा, आणि एवढंच म्हणा, की समुपदेशकांची वेळ हवी आहे.

शाळेत समुपदेशक नसतीलच, तर वर्गशिक्षिकेकडे हाच छोटा निरोप चालतो. फक्त ‘आपल्याशी बोलावं’च्या जागी ‘इंग्रजीच्या तासाबद्दल आपल्याशी बोलायचं आहे’ असं लिहा. वाचनासारखी अडचण असेल तर अनेकदा एक जागरूक शिक्षिका ती सोडवते. टेलिमानसवर पालकांनाही सल्ला मिळतो.

जूनमध्ये वर्ग बदलताना

नव्या वर्षी तुकडी बदलते, बाई बदलतात, आणि गेल्या वर्षीची सोय कुणाला माहीत नसते. एप्रिलच्या शेवटी, निकालाच्या आधी, समुपदेशकांना विचारा, की नव्या वर्गशिक्षिकेला काय सांगायचं आणि कुणी सांगायचं. सांगायचं ते सोयीबद्दल, कारणाबद्दल नाही. ‘मोठ्याने वाचायला लावण्याआधी तिला परिच्छेद सांगितला तर ती छान वाचते’ हे नव्या बाईंना उपयोगी पडतं. शाळाच बदलणार असाल, तर दाखल्याबरोबर समुपदेशनाच्या नोंदी पाठवल्या जातात का हे विचारा, आणि तुम्हाला नको असेल तर तसं लेखी द्या. नव्या शाळेत गरज पडली तर तुम्ही पुन्हा सुरुवात करू शकता, त्याच सहा-सात ओळींच्या निरोपाने.